बहुलकात बरोबरी झाली की…

एखाद्या तुकडीचा गणिताचा पेपर तपासून झाला आणि गुण नोंदवहीत चढले, की मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळे एकच विचारतात : यंदाची तुकडी कशी आहे? या प्रश्नाला उत्तर म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांचे गुण वाचून दाखवता येत नाहीत. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. तो आकडा काढण्याच्या तीन रीती आपण शाळेतच शिकतो : मध्य, मध्यक आणि बहुलक. मध्य म्हणजे रोजच्या बोलण्यातली सरासरी. गुण चढत्या क्रमाने लावल्यावर अगदी मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक. सर्वांत जास्त विद्यार्थ्यांना मिळालेला गुण म्हणजे बहुलक.

हे पुस्तक या तीन आकड्यांविषयी आहे आणि ते पायथनच्या `statistics` मॉड्यूलने कसे काढायचे याविषयी आहे. हिशेब सोपा आहे. तिन्हींसाठी एकेका ओळीची आज्ञा पुरते. तरीही त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले याचे कारण बहुलक हे आहे. दोन गुण सारख्याच संख्येने विद्यार्थ्यांना मिळाले असतील, म्हणजे बहुलकात बरोबरी झाली असेल, तर यांपैकी कोणता आकडा सांगायचा हे त्या गुणांत कुठेच लिहिलेले नसते. ते कोणाला तरी ठरवावे लागते. आपण ठरवले नाही, तर संगणक एक आकडा निवडून मोकळा होतो आणि निवड झाल्याचे सांगतही नाही.

आधी या तीन रीती कुठून आल्या ते थोडक्यात पाहू. सर्वांत रुळलेली रीत मध्याची. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’त खड्ड्यांच्या मापनाचे एक प्रकरण आहे. ज्या खड्ड्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही, त्याची रुंदी अनेक ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजले त्या संख्येने भागावे, असा नियम तिथे दिला आहे. युरोपात मध्याला बळ मिळाले ते खगोलशास्त्रातून. एकाच ताऱ्याची निरीक्षणे थोडी थोडी वेगळी येतात, त्यांतून एक मूल्य कसे काढायचे हा तिथला प्रश्न होता. गाउसने १८०९ मध्ये आपल्या खगोलशास्त्रावरच्या ग्रंथात चुकांचा सिद्धांत मांडला, तो मध्यालाच आधार धरून.

मध्यकाचा पुरस्कार जोरात केला तो एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टनने. १९०७ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या एका पशुप्रदर्शनातल्या स्पर्धेचे आकडे प्रसिद्ध केले. कापून साफ केल्यावर बैलाचे वजन किती भरेल, याचा अंदाज लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिला होता. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांचा मध्यक गाल्टनने काढला, तो १२०७ पौंड आला. त्याने दिलेले प्रत्यक्ष वजन होते ११९८ पौंड. एखाद्याने भलताच आकडा लिहिला, तरी मध्यक त्याच्या मागे ओढला जात नाही, हा त्याचा मुद्दा होता.

बहुलकाला आजचे इंग्रजी नाव कार्ल पिअर्सनने १८९५ मध्ये दिले. कल्पना मात्र फार जुनी आहे. इसवी सनपूर्व ४२८ च्या हिवाळ्यात प्लाटीआ या ग्रीक नगराला वेढा पडला होता. आत अडकलेल्यांना शत्रूने बांधलेल्या भिंतीवरून पळून जायचे होते आणि त्यासाठी भिंतीच्या उंचीच्या शिड्या हव्या होत्या. त्यांनी भिंतीतल्या विटांचे थर लांबून मोजले. पुष्कळ जणांनी पुन्हा पुन्हा मोजले. काहींची मोजणी चुकेल, पण बहुतेकांची बरोबर येईल, असा त्यांचा विचार होता, असे इतिहासकार थ्युसिडिडीझ सांगतो. थर अर्धा नसतो. म्हणून या मोजण्यांची सरासरी काढण्यापेक्षा सर्वांत जास्त वेळा आलेली संख्या घेणे शहाणपणाचे होते.

या तीन कथांतून तीन वेगळे प्रश्न दिसतात, आणि गुणांच्या यादीलाही तेच लागू पडतात. समजा, तुकडीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांचा अंदाज आपल्याला एकाच आकड्याने करायचा आहे. मोठी चूक फारच महाग पडणार असेल, म्हणजे चुकीच्या वर्गाइतका दंड बसणार असेल, तर सर्वांत कमी दंड मध्याला बसतो. जितक्या गुणांची चूक तितकाच दंड असेल, तर मध्यक सर्वांत स्वस्त पडतो. आणि अंदाज तंतोतंत जुळला तरच दाद, नाहीतर चूक एका गुणाची असो की चाळीस गुणांची, दंड सारखाच, असा नियम असेल, तर बहुलक घ्यावा. कारण त्यानेच सर्वांत जास्त विद्यार्थ्यांचे गुण जुळतात. म्हणून यांपैकी खरी सरासरी कोणती, या वादातून काही निघत नाही. आपण काय विचारतो आहोत, ते आधी ठरवावे लागते.

आता एक तुकडी घेऊ. पंधरा विद्यार्थी, शंभर गुणांचा पेपर, उत्तीर्ण होण्याची रेषा ३५. गुण हजेरी क्रमांकाने लिहिले आहेत.

```python
from statistics import mean, median, mode, multimode

marks = [62, 35, 48, 71, 35, 62, 55, 88,
         41, 35, 62, 29, 76, 55, 94]

print(round(mean(marks), 2))   # 56.53
print(median(marks))           # 55
print(mode(marks))             # 62
```

बेरीज ८४८, तिला १५ ने भागले की मध्य ५६.५३. चढत्या क्रमाने लावल्यावर आठवा गुण ५५, तो मध्यक. बहुलक आला ६२. अहवालात कोणी लिहील, ‘या तुकडीत सर्वाधिक विद्यार्थ्यांना ६२ गुण मिळाले’, आणि वाचणाऱ्याला वाटेल की तुकडीचा कल प्रथम श्रेणीकडे आहे. आता तीच यादी गुणांच्या चढत्या क्रमाने लावून पुन्हा विचारू.

```python
print(mode(sorted(marks)))     # 35
```

विद्यार्थी तेच, गुण तेच, एकाही आकड्याला हात लावलेला नाही. आणि बहुलक मात्र ६२ वरून ३५ वर आला. आता अहवाल म्हणेल की सर्वाधिक विद्यार्थी जेमतेम उत्तीर्ण झाले. मध्य आणि मध्यक यांच्या बाबतीत असे होऊ शकत नाही, कारण यादीच्या क्रमाशी त्यांचा काहीही संबंध नाही. बहुलक बदलण्याचे कारण साधे आहे. ६२ गुण तिघांना आहेत आणि ३५ गुणही तिघांनाच आहेत. `mode` प्रत्येक गुण किती वेळा आला ते मोजते, आणि बरोबरी असेल तर यादीत आधी भेटलेला गुण परत देते. हजेरी क्रमांकाने पहिला भेटला ६२, चढत्या क्रमाने पहिला भेटला ३५. म्हणजे पहिल्या अहवालातली प्रथम श्रेणी एका विद्यार्थ्याच्या हजेरी क्रमांकावर उभी होती.

या मॉड्यूलचा इतिहास पाहिला तर हे असे का, ते कळते. स्टीव्हन डी’अप्रानो यांनी २०१३ मध्ये पायथनसाठी एक प्रस्ताव लिहिला, पेप ४५०. साधी सरासरी काढायलाही लोक स्वतःची आज्ञावली लिहितात आणि दशांश अपूर्णांकांच्या बेरजेत बारीक चुका करून बसतात, तेव्हा ही मूलभूत मापे भाषेच्या पेटीतच असावीत, असा तो प्रस्ताव होता. २०१४ मध्ये पायथन ३.४ बरोबर `statistics` आले. तेव्हाची `mode` वेगळी होती. बरोबरी आढळली की ती उत्तर द्यायला नकार देई आणि `StatisticsError` ही त्रुटी दाखवून थांबे. पायथन ३.८ मध्ये, २०१९ साली, हे बदलले. तेव्हापासून `mode` पहिला भेटलेला गुण देते, आणि सगळे बहुलक हवे असतील त्यांच्यासाठी `multimode` ही नवी आज्ञा आली.

या दोन आवृत्त्यांत खरे तर दोन विचारपंथ दिसतात, आणि तिसरा त्यांच्या बाजूला उभा आहे. पहिला पंथ म्हणतो, एकमेव बहुलक नसेल तर नाही म्हणून सांगा. यात प्रामाणिकपणा आहे, पण शंभर तुकड्यांचा निकाल एका दमात काढणारी आज्ञावली चाळिसाव्या तुकडीतल्या बरोबरीपाशी अडून बसते. दुसरा पंथ म्हणतो, काहीतरी एक उत्तर द्या आणि पुढे चला. तो कोणता आकडा निवडेल हे साधनागणिक बदलते : पायथनची `mode` पहिला भेटलेला देते, तर `scipy` मधली त्याच नावाची आज्ञा सर्वांत लहान देते. तिसरा पंथ म्हणतो, बरोबरीत असलेले सगळे सांगा. `multimode` तेच करते, `pandas` तेच करते, आणि एक्सेलमध्ये `MODE.MULT` त्यासाठीच आहे. म्हणून दोन शिक्षकांनी दोन साधनांतून एकाच तुकडीचा बहुलक काढला आणि उत्तरे जुळली नाहीत, तर कोणाचे गणित चुकले हे शोधण्याआधी बरोबरी आहे का ते पाहावे.

हे पुस्तक तिसऱ्या पंथाच्या बाजूने आहे. कारण वर सांगितलेल्या दंडाच्या नियमातच ते दडलेले आहे. ३५ असा अंदाज केला तर पंधरांपैकी तीन जुळतात. ६२ केला तरीही तीनच जुळतात. दोघांत उजवा-डावा करायला गुणांच्या यादीत काहीच आधार नाही. तेव्हा आधी सगळे बहुलक मागवावेत, आणि प्रत्येकाबरोबर तो किती जणांना मिळाला तेही लिहावे.

```python
from collections import Counter

counts = Counter(marks)
for m in sorted(multimode(marks)):
    print(m, counts[m])
# 35 3
# 62 3
```

नुसती `multimode(marks)` अशी आज्ञा दिली तर उत्तर `[62, 35]` असे येते, कारण तिथेही भेटण्याचा क्रम पाळला जातो. `sorted` लावल्यामुळे यादी कशीही दिली तरी छापील उत्तर एकच राहते. तक्त्यात एकाच आकड्याला जागा असेल तर `min(multimode(marks))` किंवा `max(multimode(marks))` वापरावे, आणि ‘बरोबरी असल्यास लहान गुण घेतला आहे’ असे तक्त्याखाली लिहावे. नियम कोणताही चालेल, पण तो निकाल पाहण्याआधी ठरलेला असावा आणि सगळ्या तुकड्यांना एकच असावा.

बरोबरी मिटवणे हे इथे अर्धेच काम आहे. उरलेले काम म्हणजे ती का झाली ते विचारणे. ३५ वरची गर्दी पाहा. रेषेच्या जरा खाली राहिलेल्या विद्यार्थ्याला ग्रेसचे गुण मिळाले की तो नेमका ३५ वर येतो. त्यामुळे ३५ हा बहुलक बऱ्याचदा विद्यार्थ्यांच्या अभ्यासापेक्षा उत्तीर्णतेच्या नियमाविषयी सांगतो. ग्रेसपूर्वीचे गुण हाताशी असतील तर बहुलक त्यांचा काढावा. ३२, ३३, ३५ असे तीन वेगळे आकडे तिथे दिसले, तर ३५ स्पर्धेतून आपोआप बाहेर जाईल. ६२ ची गर्दी मात्र तशी नियमाने झालेली नाही. दोन्ही आकडे तिघातिघांचे असले, तरी त्यांचा अर्थ वेगळा असू शकतो.

बहुलक किती हलका असतो हेही याच तुकडीत दिसते. फेरतपासणीत ६२ वाल्या एका विद्यार्थ्याचा एक गुण वाढला आणि तो ६३ झाला, असे समजा. मध्य ५६.६० होतो, मध्यक ५५ च राहतो. बहुलकाची बरोबरी मात्र तुटते आणि ३५ हा एकटाच बहुलक उरतो. एका विद्यार्थ्याचा एक गुण वाढला आणि तुकडीचे वर्णन ‘जेमतेम’ झाले! पंधरांत तिघे हा आधारच इतका तोकडा आहे. म्हणून बहुलकाशेजारी त्याची वारंवारता आणि एकूण विद्यार्थीसंख्या लिहायलाच हवी.

बरोबरी टाळण्यासाठी पुष्कळ जण गुणांचे गट पाडतात. दहावीच्या पुस्तकातला बहुलकाचा धडाही वर्गीकृत सामग्रीवरच आधारलेला आहे. मार्ग चांगला आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. आपल्या तुकडीचे ३०–३९, ४०–४९ असे दहादहाचे गट पाडले, तर ३०–३९ मध्ये तिघे आणि ६०–६९ मध्ये तिघे, म्हणजे बरोबरी तशीच राहते. गट ३५ पासून सुरू केले, म्हणजे ३५–४४, ४५–५४, ५५–६४ असे, तर ५५–६४ मध्ये पाच जण येतात, ३५–४४ मध्ये चारच, आणि ५५–६४ हा एकच बहुलकीय गट ठरतो. पहिली सीमा कुठे टाकली यावर उत्तर फिरले. तेव्हा गट पाडायचे असतील तर निदान दोन वेगळ्या सीमांनी पाडून पाहावेत. दोन्हींत एकच भाग वर आला तर तिथे खरोखर गर्दी आहे, असे म्हणायला धीर येतो. दोन दूरदूरचे भाग पुन्हा पुन्हा समोर आले, तर तुकडीतच दोन थर असण्याची शक्यता असते, आणि मग एका आकड्यात तिचे वर्णन करण्याचा हट्ट सोडावा.

टक्केवारी घेतली की याच्या उलट अडचण येते. ७३.४, ८१.६, ६८.२ असे जवळजवळ सगळेच आकडे वेगळे असतात. प्रत्येक आकडा एकदाच आला असेल तर `multimode` अख्खी यादीच परत देते आणि `mode` पहिल्या विद्यार्थ्याची टक्केवारी बहुलक म्हणून देते. सर्वांत मोठी वारंवारता १ असेल, तर ‘बहुलक नाही’ असे लिहिणे हेच बरोबर उत्तर आहे.

या पुस्तकात आणखी एका गोष्टीला बरीच जागा दिली आहे, ती म्हणजे आकडे संगणकात कसे शिरतात. गुणपत्रकाच्या फाइलमधून वाचलेले गुण अनेकदा संख्या नसून मजकूर असतात. अशा यादीचा मध्य मागितला तर पायथन त्रुटी दाखवते, आणि ते बरेच होते. मध्यक मात्र फसवू शकतो. `['35', '100', '62']` या यादीला `median` लावले तर `'35'` असे उत्तर येते, कारण मजकूर अक्षरांच्या क्रमाने लागतो आणि त्यात `'100'` सर्वांत आधी येतो. खरा मध्यक ६२ आहे. विद्यार्थी विषम संख्येने असले की ही चूक गुपचूप निसटते. सम संख्या असेल तर दोन मजकुरांची सरासरी काढता न आल्याने त्रुटी तरी दिसते. बहुलक तर कोणताही मजकूर स्वीकारतो. अनुपस्थितांपुढे `AB` लिहिले असेल आणि असे चार जण असतील, तर आपल्या तुकडीचा बहुलक `AB` येईल. शिवाय `'35'` आणि शेवटी रिकामी जागा असलेले `'35 '` हे त्याच्या लेखी दोन वेगळे गुण आहेत. त्यामुळे नसलेली बरोबरी उभी राहते किंवा असलेली मोडते. म्हणून मोजण्याआधी प्रत्येक गुण संख्येत बदलावा आणि अनुपस्थितांची गणती वेगळी ठेवावी. `AB` च्या जागी शून्य लिहिण्याचा मोह टाळावा. आपल्या पंधरांत एक अनुपस्थित शून्य म्हणून घातला, तर मध्य ५६.५३ वरून थेट ५३ वर उतरतो, मध्यक मात्र ५५ च राहतो. दोघांत असे अंतर एकाएकी पडले, तर यादीत कोणीतरी शून्य घुसवले आहे का ते आधी पाहावे.

हे पुस्तक ज्यांच्या हाती निकालपत्रके येतात त्या शिक्षकांसाठी आहे, आणि नुकतेच पायथन शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. यादी म्हणजे काय आणि एखादी आज्ञा कशी चालवायची, इतके माहीत असले की पुरे. प्रत्येक माप आधी कागदावर, हाताने काढले आहे; मग आज्ञेने; आणि मग यादीचा क्रम, एखादा गुण किंवा गटाची सीमा बदलून ते कितपत टिकते ते पाहिले आहे. प्रमाण विचलन, शततमक आणि प्रसामान्य वक्र हे विषय जाणूनबुजून बाहेर ठेवले आहेत. दोन शाळांची किंवा दोन वर्षांची तुलना करण्यासाठी हे तीन आकडे पुरे पडत नाहीत. पेपर सोपा होता की अवघड, तपासणी सैल होती की कडक, हे त्यांतून कळत नाही.

वाचकाकडून एकाच सवयीची अपेक्षा आहे. कोणत्याही तुकडीचा बहुलक लिहिताना त्यासोबत तीन गोष्टी लिहाव्यात : बरोबरीत असलेले सगळे गुण, त्यांची वारंवारता आणि एकूण विद्यार्थी. त्यांतला एकच निवडला असेल तर कोणत्या नियमाने, तेही लिहावे. मग तो आकडा वाचणाऱ्या पालकाला किंवा मुख्याध्यापकांना स्वतःच ठरवता येईल की त्यावर किती भार टाकायचा, आणि त्याच गुणांवरून दुसऱ्या कोणी हिशेब केला तर उत्तर तेच येईल.